एकच क्लिप तीन ठिकाणी टाकली: रीच कोपऱ्यातल्या खुणेमुळे अडतो की धूसरपणामुळे?

द्राक्षवाली_तासगाव
आमच्या बेदाण्याच्या शेडची 42 सेकंदांची क्लिप आहे. जाळीवरून बेदाणा झाडतानाची. एका ॲपवर तीन दिवसांत 61 हजार जणांनी बघितली. तीच तिथून उतरवून आणखी दोन ॲपवर टाकली, तर एकावर 340 आणि दुसऱ्यावर 900. कोपऱ्यात पहिल्या ॲपची खूण आलीय, म्हणून दाबतात का? खूण कापून परत टाकू का?

कराडचा_बंड्या
कापा की, त्यात काय एवढं. मी वर्षभर तेच करतोय. एडिटिंगमध्ये टाकायची, दोन बोटांनी जरा मोठी करायची, खूण कडेच्या बाहेर जाते. दोन मिनिटांचं काम. खूण असली की पुढं सरकत नाही, हे मात्र शंभर टक्के खरं.

मिरजेचा_एडिटर
ताई, कापायच्या आधी एक सांगा. ती फाइल तुमच्या फोनमध्ये आली कुठून? आणि गॅलरीत क्लिप उघडून तपशिलात किती रुंदी-उंची दिसते?

द्राक्षवाली_तासगाव
ते खातं भाचा सांभाळतो. त्यानं उतरवून मला व्हॉट्सॲपवर पाठवली. शूटिंग माझ्या फोनवर केलेलं, पण फोन भरला म्हणून मूळचं पुसून टाकलं. तपशिलात 478 × 850 दिसतंय आणि 6 एमबी.

मिरजेचा_एडिटर
मग तुमचं दुखणं कोपऱ्यातल्या खुणेपेक्षा मोठं आहे. उभ्या क्लिपचं नेहमीचं माप 1080 × 1920. म्हणजे चित्रात साधारण वीस लाख ठिपके. तुमच्या फाइलमध्ये आहेत चार लाखांच्या आसपास. पाचातले चार गेले.

ते कुठं गेले बघा. भाच्यानं एडिट करून पहिल्या ॲपवर चढवली, तेव्हा ॲपनं ती आपल्या पद्धतीनं दाबली, म्हणजे बारकावे काढून फाइल लहान केली. उतरवून घेतली ती ही दाबलेली प्रत, वर खूण चिकटवून. मग व्हॉट्सॲपनं तीच परत दाबली आणि मापही लहान केलं. तुम्ही दुसऱ्या ॲपवर टाकलीत तेव्हा तिथं तिसऱ्यांदा दाबली गेली. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेल्यासारखं आहे हे. प्रत्येक वेळी थोडं जातं आणि गेलेलं परत येत नाही.

आता बंड्याभाऊ म्हणतात तशी खूण बाहेर घालवायला पंधरा टक्के मोठी केलीत, तर 478 पैकी जेमतेम 415 रुंदी उरेल. ती ताणून पुन्हा 1080 केली की आकडा 1080 दिसेल, चित्र मात्र 415चंच असेल. खूण गेली आणि जे उरलं होतं तेही गेलं.

कराडचा_बंड्या
पण दादा, माझं चालतंय की. माझ्या क्लिप कुणाला धूसर वाटत नाहीत.

मिरजेचा_एडिटर
तुमच्या दोन क्लिप बघितल्या. तुम्ही भिंतीसमोर बसून बोलता. भिंत हलत नाही, त्यामुळे दाबताना ॲपला ती फ्रेमगणिक नव्यानं साठवावी लागत नाही. सगळी ताकद तुमच्या चेहऱ्यावर खर्च होते. ताईंच्या क्लिपमध्ये हजारो दाणे एकदम पडतायत, मागं बारीक जाळी, वरून ऊन. प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमपेक्षा वेगळी. असलं चित्र दाबलं की दाणे जाऊन चौकोनी ठिगळं दिसायला लागतात. पाऊस, धूळ, पानांची सळसळ, गर्दी, सगळ्याला हाच ताप. म्हणून तुम्हाला चाललेलं ताईंना चालेलच असं नाही.

सातारचा_मास्तर
मी ही चर्चा दहा ठिकाणी वाचली आहे आणि दरवेळी हसू येतं. लोक मोबाइलवर, उन्हात, अर्ध्या नेटवर्कमध्ये बघतात. चारशे काय नि हजार काय, कुणाला कळतंय? धूसरात धूसर क्लिप लाखांनी फिरतात. ताई, पहिल्या खात्याला फॉलोअर किती नि बाकी दोघांना किती, ते सांगा.

द्राक्षवाली_तासगाव
पहिल्याला आठ हजार दोनशे. दुसऱ्याला 120, तिसऱ्याला 300 च्या आत.

सातारचा_मास्तर
झालं. 120 फॉलोअरच्या खात्यावर 340 म्हणजे उलट चांगलंच म्हणायचं. खूणही नाही नि ठिपकेही नाहीत, नवीन दुकान आहे ते. नव्या दुकानात पहिल्या दिवशी गिऱ्हाईक कुठून येणार?

मिरजेचा_एडिटर
मास्तर, फॉलोअरचा मुद्दा रास्त आहे. मी तो आधी विचारायला हवा होता. पण बाकीचं सगळं सोडून देता येत नाही. इन्स्टाग्रामनं फेब्रुवारी 2021 मध्ये उघड सांगितलं होतं की दुसऱ्या ॲपचा लोगो किंवा खूण दिसणारी रील अनोळखी लोकांपुढं कमी नेऊ. कमी रिझोल्यूशनमुळं धूसर झालेली क्लिप टाळा, हेही तेव्हाच सांगितलं होतं. म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच दमात. फॉलोअरना ती दिसतच राहते, अडतं ते बाहेरच्यांपर्यंत जाणं.

यूट्यूबही खूण बघून रीच अडवतं असं लोक सांगतात, त्यात मात्र घोळ आहे. शॉर्ट्स टाकणाऱ्यांना पैसे द्यायला 2021 मध्ये काढलेल्या शॉर्ट्स फंडात दुसऱ्या ॲपची खूण असलेल्या क्लिप टाकणारे चॅनेल पात्र नव्हते. तो नियम पैशाचा होता, रीचचा नव्हता. लोकांनी दोन्ही एकत्र करून टाकलं. पुढं ऑगस्ट 2022 पासून स्टुडिओतून आपलाच शॉर्ट उतरवला तरी त्यावर यूट्यूबची खूण यायला लागली. प्रत्येक जण स्वतःची खूण बाहेर पाठवतो नि दुसऱ्याची आत येऊ देत नाही, असा हा व्यवहार.

सातारचा_मास्तर
मग इन्स्टाग्रामच्याच प्रमुखांनी, मोसेरींनी, ऑक्टोबर 2024 मध्ये काय सांगितलं तेही सांगा ना. जी क्लिप फारशी बघितली जात नाही ती आम्ही कमी दर्जात ठेवतो, असं ते म्हणाले. म्हणजे गाडी उलटी आहे. धूसर म्हणून कुणी बघत नाही असं नाही, कुणी बघत नाही म्हणून धूसर होते!

मिरजेचा_एडिटर
ते म्हणाले हे खरं, आणि लोक दर्जापेक्षा क्लिपमध्ये काय आहे त्यावर थांबतात असंही म्हणाले. पण ते चढवल्यानंतर ॲप जे करतं त्याबद्दल होतं. ताईंची फाइल चढवायच्या आधीच पाचवा हिस्सा उरली होती. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

शर्यतवेडा_खानापूर
माझा प्रश्न उलटाच आहे मंडळी. मी बैलगाडा शर्यतीच्या क्लिप काढतो. लोक उचलून आपापल्या पेजवर टाकतात नि त्यांना लाखांनी व्ह्यूज. मला खूण मोठी करायचीय, छोटी नाही. आडवी, मधोमध, जाड अक्षरात. चालेल का?

मिरजेचा_एडिटर
इथं चाललंय ते ॲपच्या खुणेबद्दल. आपलं नाव टाकणं वेगळं, त्यावर ते बंधन नाही. पण मधोमध जाड अक्षरात टाकलंत तर बैल दिसणार कुठं? आणि तळाशी, उजव्या कडेला टाकू नका. तिथं लाइकची बटणं नि कॅप्शन येतं, प्रत्येक ॲपचं थोडं निराळं. डाव्या बाजूला मध्याच्या जरा वर, फिकट अक्षरात टाका. कापायला गेला तर बैलाचं डोकंही कापलं जाईल, असं बघून टाका.

शर्यतवेडा_खानापूर
फिकट? चोराला फिकटाची काय भीती वो.

द्राक्षवाली_तासगाव
मग मी आता काय करू? मूळ शूटिंग तर गेलं.

मिरजेचा_एडिटर
भाच्यानं एडिट कशात केलं? त्यानं क्लिपचे तुकडे त्याच्या फोनवर घेतले असतील ना? प्रोजेक्ट शिल्लक असेल तर सगळं परत मिळेल.

द्राक्षवाली_तासगाव
InShot मध्ये. विचारलं, ड्राफ्ट आहे म्हणतो, तुकडेही त्याच्या गॅलरीत आहेत. देवाची कृपा.

मिरजेचा_एडिटर
मग काम सोपं झालं. ड्राफ्ट उघडून 1080 ला सेव्ह करायला सांगा. फुकटच्या InShot मध्ये ॲपचा स्वतःचा शिक्का येतो, तो जाहिरात बघून आधी काढायचा. बरेच जण हा विसरतात आणि मग दुसऱ्या ॲपच्या खुणेला नावं ठेवतात. तयार फाइल पन्नास-साठ एमबीची होईल. व्हॉट्सॲपवर पाठवायची तर व्हिडिओ म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, ती जशीच्या तशी येते. HD चं बटण दाबलं तरी 720 पर्यंतच राहतं. आली की तपशील बघा, 1080 दिसलं तरच पुढं जा.

मग तीच फाइल तिन्ही ॲपवर वेगवेगळी चढवायची. एकावरून उतरवून दुसऱ्यावर कधीच नाही. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये Upload at highest quality असं आहे, ते चालू करा. आणि मागं गाणं आहे का? ॲपच्या आतलं गाणं त्या ॲपपुरतंच असतं. उतरवताना आवाजच गायब होऊ शकतो.

द्राक्षवाली_तासगाव
गाणं नाही. दाणे पडताना पाऊस पडल्यागत आवाज येतो, तोच ठेवलाय.

सातारचा_मास्तर
करा. पण तीच क्लिप परत टाकून आकडा वाढला, तर तो ठिपक्यांमुळं वाढला हे कसं ठरवणार? दिवस वेगळा, वेळ वेगळी, खात्यालाही चार दिवसांचा अनुभव जास्त.

मिरजेचा_एडिटर
एका क्लिपवर नाहीच ठरणार. सात-आठ टाकून बघा, आणि नुसते व्ह्यूज बघू नका. फॉलोअर नसलेल्यांचा वाटा किती नि लोक सरासरी किती सेकंद थांबले, या दोन गोष्टी बघा. बाहेरचे जवळजवळ शून्य असतील तर क्लिप पुढं नेलीच जात नाही. इन्स्टाग्रामवर Account Status मध्ये जाऊन शिफारशीत काही अडलंय का तेही दिसतं. बाहेरचे येतायत पण दोन सेकंदांत निघून जातायत, तर दोष चित्राचा किंवा सुरुवातीचा.

द्राक्षवाली_तासगाव
*(अकरा दिवसांनी)*
सांगायला आले. नव्या पद्धतीनं चार क्लिप टाकल्या, त्यात ही एक परत. दुसऱ्या ॲपवर आता दोन-अडीच हजारांपर्यंत जातायत नि त्यातले बरेचसे बाहेरचे. तिसऱ्यावर मात्र तेच रडगाणं, चारशे-पाचशे. तिथं लोक तीन सेकंदही थांबत नाहीत.

मिरजेचा_एडिटर
फाइल तिन्हीकडं एकच ना? मग तिसऱ्याचं कारण मला ठिपक्यांत सापडत नाही. पहिले तीन सेकंद काय दिसतं?

द्राक्षवाली_तासगाव
शेडचं दार उघडतं. मग मी आत जाते.

कराडचा_बंड्या
दार कापा. खूण नाही कापली, दार तरी कापा.

सातारचा_मास्तर
फॉलोअर किती झाले दुसऱ्याला?

द्राक्षवाली_तासगाव
410.

सातारचा_मास्तर
मग मी म्हणत होतो तेच निघालं की.

मिरजेचा_एडिटर
हे 410 आले कुठून मास्तर, ते पण सांगा.

शर्यतवेडा_खानापूर
माझ्या खुणेचं राहिलंच. पिवळी करू की पांढरी? मैदानात धुरळा लई असतो.