‘फ्लोट नको’ एवढीच कमेंट पुरते का?

द्वारकासर्कल
आमच्या टीमलीड मॅडमच्या रिव्ह्यू कमेंट म्हणजे पानभर निबंध. माझं मत: एक ओळ बस. ‘पैशाला फ्लोट नको, `Decimal` वापर.’ ज्याला कारण हवं तो शोधून काढेल. ‘राग मानू नका’, ‘वेळ मिळाल्यास’ हे सगळं काढून टाका. कोड रिव्ह्यू आहे, लग्नपत्रिका नाही.

पिंपळगावकर
हे वाचून राहवलं नाही. नेमकी हीच एक ओळ मी दोन वर्षांपूर्वी एका नव्या मुलाला लिहिली होती, म्हणून सविस्तर सांगते.

कांद्याच्या हिशेबपट्टीचं सॉफ्टवेअर होतं. हमालीचा दर फॉर्ममधून यायचा, त्याचे पैसे करून साठवायचे. ओळ अशी होती:

```python
paise = int(dar * 100)
```

दर 4.35 टाकला की उत्तर ४३४ यायचं. फ्लोटमध्ये हा गुणाकार `434.99999999999994` होतो आणि `int` दशांशानंतरचं सगळं कापून टाकतो. क्विंटलमागे एक पैसा गेला. वीस क्विंटलची ट्रॉली धरली तर वीस पैसे, आणि पाचशे ट्रॉल्यांचे शंभर रुपये हमालांच्या खात्यात कमी. संध्याकाळी जमा-नावे जुळेना, तेव्हा लक्षात आलं.

मी लिहिलं, ‘फ्लोट नको, `Decimal` वापर.’ त्याने तसंच केलं:

```python
paise = int(Decimal(dar) * 100)
```

उत्तर पुन्हा ४३४. `dar` आधीच फ्लोट झालेला होता, `Decimal` ने ती चूक जशीच्या तशी उचलली. त्या मुलाने माझं शब्दशः ऐकलं होतं. कारण मी लिहिलं नव्हतं, म्हणून दुरुस्ती चुकीच्या जागी झाली. मी पुन्हा न तपासता ‘ओके’ दिलं, ती चूक माझीच.

आता मॅडमच्या निबंधाबद्दल. माझ्याही जुन्या कमेंट तशाच असायच्या: आधी कौतुक, मग माफी, मग बायनरीत अपूर्णांक कसे साठवतात यावर परिच्छेद, मग जुन्या प्रोजेक्टची गोष्ट, आणि शेवटी ‘शक्य असल्यास विचार करता येईल का बघा’. त्यात खरं नुकसान त्या शेवटच्या वाक्याने व्हायचं. एवढं वाचूनही बदल करायचाच आहे की नाही, ते कळत नाही.

छाटताना मी बायनरीचा परिच्छेद काढते आणि त्या जागी एक आकडा ठेवते: काय दिलं की काय चुकीचं मिळतं. जुनी गोष्ट जाते, माफी जाते. आज तीच कमेंट अशी लिहीन:

> दर `4.35` दिला की इथे 435 ऐवजी 434 पैसे येतात. फ्लोटचा गुणाकार किंचित कमी येतो आणि `int` तो कापतो. दर फॉर्ममधून मजकूर म्हणूनच घेऊन `Decimal(dar_text)` करूया. `Decimal(dar)` ने चूक तशीच राहते. मर्जच्या आधी हवं. पट्टीची मांडणी छान सुटसुटीत झाली आहे.

‘तू चुकलास’ कुठेच नाही. वाक्याचा कर्ता ती ओळ आहे. माझ्या मते सौजन्य तिथे असतं, ‘कृपया’त नाही.

ओझरवाला
एवढा खटाटोप कशाला? `round(dar * 100)` लिहिलं की ४३५ येतं. मी आठ वर्षं असंच करतोय, एकदाही तक्रार नाही.

पिंपळगावकर
दोन दशांशांचा दर पैशात बदलायला तुमचं चालेल, मान्य. पण पुढे वजनाने गुणलं की अर्धा पैसा येतो, आणि तिथे `round(2.675, 2)` करून बघा. 2.68 नाही, 2.67 येतं. शिवाय पायथनचा `round` नेमका अर्धा आला की सम आकड्याकडे जातो, `round(2.5)` म्हणजे 2. आपल्याकडे हिशेबनीस अर्धा पैसा वर धरतात. हा नियम कोडमध्ये उघड लिहिलेला हवा.

ओझरवाला
बरं, 2.67 बघितलं. आमच्याकडे वजन आधीच पूर्ण किलोत येतं म्हणून कधी अडलं नाही. पण कमेंटमध्ये पर्याय एकच का लादायचा?

सिडको_नाशिक
मला वाटतं कोडमध्ये कमेंट लिहूच नये. नावं नीट दिली की कोड स्वतःच बोलतो. आमच्याकडे एका फाइलमध्ये निम्म्या ओळी कमेंटच्या, आणि त्यातल्या अर्ध्या जुन्या झालेल्या.

पंचवटीची
दादा, इथे रिव्ह्यूमधल्या कमेंटबद्दल चाललंय, फाइलमधल्या नाही.

आणि पिंपळगावकर ताई, तुमच्या ‘करूया’वर माझा आक्षेप आहे. मी नोकरीला लागून सव्वा वर्ष झालं. माझे सीनियर सगळीकडे ‘करूया का?’ लिहायचे. मी ‘पुढच्या आठवड्यात करूया’ म्हणून मर्ज केलं आणि सगळ्यांसमोर ऐकून घेतलं. प्रश्न विचारला होता, मी उत्तर दिलं! हुकूम होता तर हुकूम लिहायचा.

द्वारकासर्कल
हेच तर म्हणतोय मी! सरळ ‘कर’ लिहा.

पंचवटीची
नाही, तुम्ही ते म्हणत नाही. तुमच्या ‘वापर’ने मला घरच्यासारखं वाटत नाही, शाळेत उभं केल्यासारखं वाटतं. ‘वापरा’ लिहायला एक काना जास्त लागतो.

द्वारकासर्कल
वयाने दहा वर्षं लहान मुलांना अहो-जाहो करायचं का आता? आमच्याकडे सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, कोणाला काही वाटत नाही.

पंचवटीची
कोणी बोलत नाही आणि कोणाला काही वाटत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ओझरवाला
म्हणून आम्ही इंग्रजीत लिहितो. अरे-अहोचा प्रश्नच मिटतो.

पंचवटीची
मिटत नाही. मराठी शाळेतून आलेल्या मुलीला इंग्रजीतली तुटक ओळ जास्त लागते, कारण ती रागाने लिहिली की घाईत, हे तिला ओळखता येत नाही. मी दोन रात्री झोपले नव्हते एका ‘व्हाय?’वर.

पिंपळगावकर
पंचवटीची, तुझं बरोबर आहे आणि ते मला आधी सुचलं नव्हतं. मी ‘करूया’ लिहिते, पण पुढे ‘मर्जच्या आधी हवं’ हे तीन शब्द असतात म्हणून निभावतं. ते नसते तर माझीही कमेंट तुझ्या सीनियरसारखीच झाली असती. नाव किंवा जागा सुचवायची असेल तेव्हा आम्ही सुरुवातीलाच `nit:` लिहितो, म्हणजे सोडून दिलं तरी चालेल. दोन्ही प्रकार शब्दांतच वेगळे दिसायला हवेत, सुरावर सोडायचे नाहीत.

ओझरवाला, पर्याय लादू नये हे खरं. पण बदल एक-दोन ओळींचा असेल तर गिटहबवर सजेशन ब्लॉकमध्येच लिहून द्यावा:

````
```suggestion
paise = int(Decimal(dar_text) * 100)
```
````

समोरचा तिथूनच कमिट करतो आणि कमेंटमध्ये फक्त कारण उरतं. अडचण एवढीच की ज्या ओळी डिफमध्ये दिसतच नाहीत त्यांना हे लागू पडत नाही. आमचा `dar_text` जिथून यायचा तो फॉर्म दुसऱ्या फाइलमध्ये होता, ते शब्दांतच सांगावं लागलं.

द्वारकासर्कल
`Decimal(dar)` आत्ता चालवून बघितलं. ४३४च येतंय. ठीक आहे, कारणाची एक ओळ ठेवायला माझी हरकत नाही. पण कौतुकाचं वाक्य मी लिहिणार नाही, ते उगाच वाटतं.

पिंपळगावकर
मांडणी खरंच चांगली नसेल तर मीही लिहीत नाही.

पंचवटीची
आणि ‘वापर’ की ‘वापरा’?

द्वारकासर्कल
ते सोमवारी टीमलाच विचारतो.