मुदतवाढीचा मेल: तुम्ही काय खोडलंत, काय ठेवलंत?

अर्धामसुदा
प्रकल्प अहवाल शुक्रवारी रात्री 12 पर्यंत द्यायचा होता. बुधवारी संध्याकाळी कळून चुकलं की हे काही होत नाही. सरांना मेल लिहायला बसले आणि हे रडगाणं तयार झालं:

'आदरणीय सर, आपल्याला त्रास देत असल्याबद्दल मनापासून क्षमस्व. मध्यंतरी मला ताप होता, त्यातच लॅपटॉप बिघडला, बाकी विषयांचंही काम अंगावर आलं. मी नेहमी वेळेवर काम देते हे आपण जाणताच. थोडी मुदत वाढवून दिलीत तर फार उपकार होतील.'

खोलीतल्या ताईने वाचलं आणि एवढंच विचारलं, "यातल्या नेमक्या कशामुळे राहिलं?" मी गप्प. ताप दोन आठवड्यांपूर्वी, तोही एकच दिवस. लॅपटॉप अर्धा तास अडकला होता. खरं कारण मेलमध्ये नव्हतंच. शेवटी हे पाठवलं:

'विषय: संशोधन पद्धती, प्रकल्प 2: सोमवारपर्यंत मुदतवाढीची विनंती

सर,
सर्वेक्षणाची उत्तरं तपासून नीट लावायला एक दिवस लागेल असं मी धरलं होतं, चार लागले. अंदाज माझाच चुकला. पहिले तीन भाग झाले आहेत, सोबत जोडले आहेत. विश्लेषण आणि निष्कर्ष बाकी आहेत. सोमवारी सकाळी 10 पर्यंत पूर्ण अहवाल दिला तर चालेल का? नियमाप्रमाणे गुण कापले तरी हरकत नाही. शक्य नसेल तर शुक्रवारी आहे तेवढं जमा करीन.'

खाली नाव आणि हजेरी क्रमांक. उत्तर आलं: 'सोमवार चालेल. गुण कापले जातील.' तुमचेही असे आधीचे-नंतरचे मेल लिहा.

गुपचूप
कारण लिहायचंच कशाला? 'वैयक्तिक कारणामुळे' म्हणायचं, विषय संपला. माझं दोनदा चाललंय.

खडूवाली
मी शिकवते, म्हणून पलीकडच्या बाजूने सांगते. आजारपण किंवा घरातलं दुःख असेल तर 'वैयक्तिक कारण' पुरतं, तपशील मला नकोच असतात. पण कामाचा अंदाज चुकला असताना तेच लिहिलं, तर तो आडपडदा झाला. तिसऱ्यांदा चालेलच असं नाही, गुपचूप.

असे मेल मी तासांच्या मध्ये, उभ्या उभ्या वाचते. तीन वर्गांना शिकवते, त्यामुळे आधी शोधते तो विषय आणि कुठलं काम ते. मग तारीख. 'थोडी मुदत' लिहिलं की मला उलट विचारावं लागतं, 'थोडी म्हणजे किती?' आणि तो मेल मागे पडतो. चार कारणं दिली तर प्रत्येकाचं वजन कमी होतं, शिवाय लॅपटॉपचं कारण जवळजवळ प्रत्येक मुदतीला येतं.

एक मात्र आहे. सोमवारी वर्गात उत्तरं सांगायची असतील, तर कितीही प्रामाणिक मेल आला तरी मी मुदत देऊ शकत नाही. म्हणून आधी अभ्यासक्रमाच्या पत्रकात उशिराचा नियम वाचा. काही ठिकाणी गुण कापून एक दिवस आपोआप मिळतो, मग मेलची गरजच नसते.

रात्रपाळी
साहेबांकडे दोन दिवसांची रजा मागायची आहे. असाच मेल चालेल का? 'पहिले तीन भाग' म्हणून काय जोडू?

अर्धामसुदा
रात्रपाळी, रजेचं नाहीये हो हे 😄

उशीरलतीफ
मी मेल पाठवला मुदत संपल्यावर, रात्री 12:20 ला. मजकूर बराचसा असाच होता, कारण एकच, तेही खरं. पण मी 'मुदतवाढ मिळेल का' असं विचारत होतो आणि मुदत तर उलटून गेली होती. मॅडमनी लिहिलं, 'ही मुदतवाढ नव्हे, हे उशिरा जमा करणं आहे.' बुधवारीच कळलं होतं मलाही. शुक्रवारपर्यंत लाजेने थांबलो आणि त्या दोन दिवसांत कामही पुढे सरकलं नाही.

तिरपीरेघ
मला 'गुण कापले तरी हरकत नाही' हे वाक्य खटकतं. आपणहून मान पुढे करायची कशाला? कदाचित सरांनी कापलेही नसते.

खडूवाली
आजारी असाल तर ते वाक्य खोडाच, कारण तिथे चूक तुमची नाही. इथे चूक कबूल केली आहे, म्हणून मला ते जागेवर वाटलं. पण माझे एक सहकारी म्हणतात, की असं लिहिलं की सौदा केल्यासारखं वाटतं. आमचं यावर एकमत नाही.

तिरपीरेघ
मग मी तरी नाही लिहिणार. झालेले भाग जोडायचं मात्र घेतलं. फक्त ते खरंच झालेले असावेत. मी एकदा 'सत्तर टक्के झालंय' असं ठोकून दिलं आणि सरांनी लगेच मागवलं. फाइलमध्ये मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका होती.