ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवून फायदा नेमका कुणाचा?

निवांत७४: नवा फोन घेतल्यापासून ८० ची मर्यादा लावून ठेवलीय. संध्याकाळी सहाला बॅटरी लाल होते आणि बायको विचारते, "मग वाचवलंस काय?" मला उत्तर सुचत नाही. हे करून खरंच कुणाचा फायदा होतो?

पेठेतला: वहिनींचं बरोबर आहे. ५००० एमएएचची बॅटरी आहे असं धरा. मर्यादा लावलीत म्हणजे पहिल्या दिवसापासून ४००० च वापरताय. मर्यादा न लावता दोन वर्षांत क्षमता ८५ टक्क्यांवर आली, तरी हाती ४२५० राहतात. म्हणजे झिजलेली बॅटरीसुद्धा तुमच्या जपलेल्या बॅटरीपेक्षा जास्त देते! उद्या पाय दुखेल म्हणून आजपासून लंगडायचं, यातली गत.

मंजिरी_के: पण ८० ला थांबवलं की सायकल मोजली जात नाही ना? म्हणून तर आयुष्य वाढतं.

सोल्डरवाला: मंजिरीताई, सायकल वापरावर मोजतात. ८० वरून २० वर आलात की साठ टक्के वापरले, म्हणजे ०.६ सायकल. १०० वरून ४० वर आलात तरी तेवढीच. फरक आहे तो बॅटरी भरलेल्या अवस्थेत किती तास पडून राहते याचा. पूर्ण भरलेल्या सेलचं व्होल्टेज सर्वात जास्त असतं, आणि त्या दाबाखाली आतलं द्रावण हळूहळू खराब होत जातं. उष्णता असेल तर आणखी वेगात. वापर नसला तरी ही झीज चालूच असते.

म्हणून पेठेतल्यांचा हिशेब निवांतरावांना लागू पडतो, सगळ्यांना नाही. माझ्याकडे दुरुस्तीला येणारे खरे बिघडलेले लॅपटॉप कुणाचे असतात? ऑफिसच्या टेबलावर वर्षानुवर्षं चार्जर लावून ठेवणाऱ्यांचे. गेल्या महिन्यात एकीची तक्रार होती, टचपॅडचं क्लिक होत नाही. खालचं झाकण उघडलं तर बॅटरी उशीसारखी फुगून टचपॅडला खालून ढकलत होती. तीन वर्षं तो लॅपटॉप जवळपास सतत १०० वर, आणि तोही गरम. तिला ८० ची मर्यादा लावून काहीच गमवावं लागलं नसतं, कारण चार्जर कधी काढलाच नव्हता.

आपला तपासायचा असेल तर विंडोजमध्ये हे चालवा:

```
powercfg /batteryreport
```

अहवालात DESIGN CAPACITY आणि FULL CHARGE CAPACITY असे दोन आकडे दिसतील. माझ्या लॅपटॉपवर ५७,००० आणि ५१,००० आहेत, म्हणजे सुमारे ८९ टक्के. चार वर्षं, बहुतेक काळ ८० वर.

पेठेतला: एका लॅपटॉपवरून काय सिद्ध होतं? तुमचा गरमच होत नसेल. फुगलेला गरम होता हे तुम्हीच म्हणालात.

सोल्डरवाला: मान्य. माझा पुरावा दुकानातला आहे, प्रयोगशाळेतला नाही. उष्णतेचा वाटा किती आणि व्होल्टेजचा किती, हे मी वेगळं काढू शकत नाही.

कॅबवाला_ठाणे: माझा फोन दिवसभर डॅशबोर्डवर, उन्हात, मॅप चालू आणि चार्जरला. मी तर खूप वापरतो, मग मला १०० च पाहिजे ना?

सोल्डरवाला: दादा, उलट! तुमचा फोन १०० वर उन्हात दहा तास उभा असतो आणि केबल हाताशी आहे. ८० चा सर्वात मोठा फायदा तुम्हालाच. घरून बाहेर पडून रात्रीपर्यंत चार्जर न दिसणाऱ्याने मर्यादा काढून टाकावी.

रानमाळ: आमच्याकडे वीज दुपारी जाते ती कधी येईल सांगता येत नाही. तुम्ही खुशाल ८० वर थांबा.

मंजिरी_के: आमच्या इलेक्ट्रिक गाडीत तर कंपनीच अधूनमधून १०० करा म्हणते. मग?

सोल्डरवाला: त्यात एलएफपी प्रकारची बॅटरी असेल. तिचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात फारसं हलत नाही, त्यामुळे किती चार्ज उरलाय हे गाडीला नीट ओळखता येत नाही. पूर्ण भरली की अंदाज जागेवर येतो. तो नियम फोनला लावू नका. आयफोनही ८० ची मर्यादा असताना कधीमधी १०० पर्यंत जातो, तेही टक्केवारीचा अंदाज नीट ठेवायलाच. फोन बिघडलाय असं समजू नका.

पेठेतला: एक विचारतो. जो दोन वर्षांत फोन विकणार, त्याने कशाला जपायचं? फायदा पुढच्या मालकाचा.

सोल्डरवाला: बरोबर. आणि मालक चार-पाच वर्षं वापरणार असेल तर त्याचा स्वतःचा.

निवांत७४: माझा फोन रात्री अकराला चार्जरला लागतो आणि सकाळी सातला निघतो. दिवसभर चार्जर नाही. म्हणजे काढूनच टाकू?

सोल्डरवाला: हो. पण फोनमध्ये रात्री ८० वर थांबून उठायच्या वेळेआधी उरलेलं भरायची सोय असेल तर ती चालू ठेवा. उशीखाली ठेवून चार्ज करू नका.

निवांत७४: उशीखालीच ठेवतो. बायकोला हे सांगत नाही.