प्रतिसाद: ‘पाणी’ रंगत का नाही?

> ‘लातूर पाणी’ शोधलं की बातमी सापडते, पण निकालात दिसणाऱ्या उताऱ्यात फक्त ‘लातूर’ पिवळं होतं.

बातमीतलं वाक्य बघा: ‘२०१६ साली मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली.’ शोध ‘पाण’ या मूळ रूपावर जुळतो, रंगवणारा कोड मात्र टाइप केलेली अक्षरं शोधतो. ‘लातूरला’मध्ये ती सापडतात, ‘पाण्याची’त नाहीत.

म्हणून नुसतं ‘पाण’ रंगवायला जाऊ नका. रंगाचा टॅग ‘ण’ आणि हलन्ताच्या मध्ये पडतो, जोडाक्षर फुटतं, वर ‘पाणपोई’ही अर्धी पिवळी होते. (मी केलंय हे!) इंडेक्स करतानाच प्रत्येक शब्दाची सुरुवात-शेवट साठवा आणि अख्खा ‘पाण्याची’ रंगवा.

उताऱ्यासाठी ‘लातूर’ चारदा असलेल्या वाक्यापेक्षा दोन्ही शब्द एकेकदा असलेलं वाक्य घ्या.