आप्पांची डिसेंबरची पेन्शन

(भुसावळ, सोसायटीचा ग्रुप, जानेवारी २०२६)

मनोज, बी-२०३: आप्पांची रेल्वेची डिसेंबरची पेन्शन जमाच झाली नाही. स्टेटमेंटचा फोटो टाकतोय, कोणी बघेल का? नोव्हेंबरलाही पैसे कमी आलेत.

चौधरी काका: मनोज, आधी तो फोटो डिलीट कर. खाते नंबर आणि पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा नंबर, दोन्ही दिसताहेत. नुसते आकडे लिही.

मनोज: सॉरी काका. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर ३५,८३५. ऑक्टोबर ३८,९१९. नोव्हेंबर ३६,६०६. डिसेंबर काहीच नाही.

आशाताई, ए-१०१: हाई काय व्हयनं! हयातीचा दाखला दिला होता ना आप्पांनी?

मनोज: हो ताई, १२ नोव्हेंबरला घरीच मोबाइलवर चेहरा दाखवून केला. प्रमाण आयडीचा मेसेजही आलाय.

चौधरी काका: त्या मेसेजचा अर्थ दाखला तयार झाला, एवढाच. बँकेने तो स्वीकारला का, ते वेगळं. जीवन प्रमाणच्या साइटवर प्रमाण आयडी टाकून दाखला उघड आणि त्यातला खाते नंबर पासबुकाशी जुळतो का बघ.

मनोज: नाही जुळत 🤦 माझ्या मुलाने फॉर्म भरला. त्याने आप्पांच्या एफडीचा नंबर टाकलाय.

चौधरी काका: मग बँकेने तो नाकारला असणार. नोव्हेंबरअखेर दाखला लागला नाही की डिसेंबरपासून पेन्शन थांबते, तुमचं तेच झालं. बरोबर पेन्शन खाते टाकून नवा दाखला कर. थांबलेली रक्कम थकबाकी म्हणून येते, बुडत नाही.

प्रशांत, सी-३०४: काका, मागच्या मार्चलाही आमच्या नानांची आली नव्हती. घरात नुसता गोंधळ!

चौधरी काका: मार्चची पेन्शन एप्रिलच्या सुरुवातीला येते रे. मग एप्रिलमध्ये दोन नोंदी दिसतात. ते सोड. मला आप्पांचा जुलैचा आकडा खटकतोय. मनोज, पीपीओ काढ. मूळ पेन्शन किती, निवृत्ती कधीची, आणि कम्युटेशन किती, म्हणजे पेन्शनचा किती भाग विकून एकरकमी पैसे घेतले?

मनोज: सुधारित पीपीओत मूळ २५,७००. निवृत्ती ३० जून २०१०. कम्युटेशन ४,०००. त्या वेळी साधारण ३ लाख ९३ हजार एकरकमी मिळाले होते, त्यातच वरचा मजला झाला.

चौधरी काका: आता हिशेब बघ. जुलैला महागाई दिलासा ५५ टक्क्यांनी मिळत होता. २५,७०० वर १४,१३५, दोन्ही मिळून ३९,८३५. जमा झाले ३५,८३५. कमी किती? ४,०००. नोव्हेंबरला दिलासा ५८ टक्के, म्हणजे १४,९०६, एकूण ४०,६०६. जमा ३६,६०६. पुन्हा ४,०००च कमी.

प्रशांत: टॅक्स कापला असेल.

चौधरी काका: टॅक्स असा गोल आकड्यात दर महिन्याला बसत नाही. आणि दिलाशाचा दर चुकला असता, तर दर बदलल्यावर फरकही बदलला असता. इथे दर ५५ चा ५८ झाला तरी फरक जागचा हलला नाही. म्हणजे ठरावीक कपात आहे, तीच कम्युटेशनची. आणि ती १५ वर्षांनी थांबायला हवी. १ जुलै २०१० ला सुरू झाली असेल, तर १ जुलै २०२५ पासून पूर्ण पेन्शन. कपात कधी सुरू झाली ते पीपीओत पक्कं बघ, कारण १५ वर्षं त्या तारखेपासून मोजतात, निवृत्तीच्या नाही.

मनोज: १ जुलै २०१० च लिहिलंय. म्हणजे सहा महिने आम्हाला कळलंच नाही?

चौधरी काका: कसं कळणार? रक्कम रोजच्यासारखीच येत होती. ऑक्टोबरला जुलै ते सप्टेंबरच्या वाढीव दिलाशाची थकबाकी आली, महिन्याला ७७१ प्रमाणे २,३१३. म्हणून ३८,९१९ झाले, आणि नोव्हेंबरला "कमी झाले" असं वाटलं. आपण नको तिथे बघत बसलो. खरं तर बँकेनेच कपात थांबवायची असते, पण अर्ज दे. सोबत पीपीओची झेरॉक्स आणि बँकेची पेन्शन स्लिप. स्लिपवर कपात वेगळी दिसते. अर्जाची पोच घेतल्याशिवाय हलू नकोस.

आशाताई: आमच्या आत्यांची स्वतःची पेन्शन आहे आणि मामांची कौटुंबिक पण. दाखला एकच चालतो का?

चौधरी काका: नाही ताई. पीपीओ दोन, तर दाखलेही दोन. आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी वरचे दर स्वतःला लावू नका, ते रेल्वेचे आहेत.

मनोज (चार दिवसांनी): नवा दाखला स्वीकारला गेला 🙏 अर्जावर शिक्का मिळाला. काउंटरवरचे आधी म्हणाले "आपोआप होतं". स्लिप दाखवली, मग घेतला. काका, महिनाअखेर किती यायला हवेत?

चौधरी काका: डिसेंबर आणि जानेवारीचे प्रत्येकी ४०,६०६, आणि जुलै ते नोव्हेंबरचे पाच महिन्यांचे २०,०००. एकूण १,०१,२१२. नोंदी दोन-तीन असतील, बेरीज करून बघ. फक्त ८१,२१२ आले, तर कपात थांबवली पण थकबाकी दिली नाही. ७३,२१२ आले, तर अर्ज टेबलावरच पडलाय.

मनोज: आप्पा आत्तापासूनच वहीत लिहून बसलेत.