मदत हवी आहे : कॉलवरचा राग घरी लेकीवर निघतोय

मी सांगलीत एका कॉल सेंटरला आहे. परवा रिफंड अडकलेला एक ग्राहक पहिल्याच वाक्यात आईवरून बोलला. आमच्याकडे दोनदा ताकीद दिल्याशिवाय कॉल तोडता येत नाही. पण हा शिवी देऊन लगेच तक्रारीवर यायचा, ताकीद द्यायला फटच मिळेना. 11 मिनिटं मी स्क्रिप्टमधलं ‘आपली गैरसोय समजू शकते’ म्हणत राहिले. वर क्वालिटीवाल्यांनी आवाजात आपुलकी नाही म्हणून गुण कापले. नोंद लिहायला 30 सेकंद, की पुढचा कॉल कानात.

मिरजेला घरी पोचले. लेकीनं एकच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला आणि मी तिच्यावर ओरडले. ती घाबरून गप्प झाली, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

हल्ली येताना विश्रामबागला गाडी लावून 10 मिनिटं बसते. शिवीचा राग तेवढ्यात उतरतो, कापलेल्या गुणांचा नाही.

हे काम केलेल्यांनी सांगा ना : अशा कॉलनंतर टीम लीडरकडून 5 मिनिटं कशी मागून घेता? आणि गुणांवर दाद मागताना रेकॉर्डिंगमधलं नेमकं काय दाखवलंत?