'सी विंग परिवार' ग्रुप: पाटल्यांचं पत्र

स्मिता (२०३): नमस्कार. माझ्या नव्या पाटल्यांचं सोनं तपासणीत कमी शुद्ध निघालं, सगळ्यांना माहीतच आहे. आज परत दुकानात जाऊन आले. मालक चहा विचारतात, पैशांचं काढलं की गल्ल्यावरून उठून आत जातात. आता लेखीच देते. मसुदा बघा कुणीतरी:

"आपण ३० ग्रॅमच्या पाटल्या ९१६ सांगून अशुद्ध दिल्यात आणि मजुरीही जास्त लावलीत. ही शुद्ध फसवणूक आहे. सर्व रक्कम परत न दिल्यास पोलिसांत जाऊ."

शिंदे काका (१०१): पाटल्या त्यांच्या हातात देऊ नका. 'बदलून देतो' म्हणतील आणि पुरावाच वितळवतील.

नीलेश (४०२): अशुद्ध सोन्याचं पत्र शुद्ध मराठीत 😄

स्मिता (२०३): नीलेश, तुझे पैसे गेले असते तर कळलं असतं.

मंदार (३०१): ताई, राग रास्त आहे, पण दोन वेगळी भांडणं एका वाक्यात घातलीत. रिपोर्टमध्ये दोन्ही पाटल्या कमी निघाल्यात का?

स्मिता (२०३): नाही. एकीत हजारात ९१६ भाग सोनं, म्हणजे बरोबर, दुसरीत ८८०. दोन्ही १५-१५ ग्रॅमच्या. ते म्हणतात जोडाच्या झाळीमुळे कमी दिसतंय आणि मशीन चुकतं.

मंदार (३०१): मग तक्रार एकाच पाटलीची लिहा. प्रत्येक पाटलीवर स्वतंत्र एचयूआयडी असतो, तो सहा अक्षर-आकड्यांचा कोड 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता जुळते का तेही बघा. आणि तपासणी कशी केली होती?

स्मिता (२०३): आधी दुसऱ्या सराफाच्या कॅरेटमीटरवर. मग बीआयएस मान्यताप्राप्त सेंटरवर. तिथे थोडं सोनं खरवडून घेतलं, शिशासोबत भट्टीत गाळलं, ॲसिडने चांदी काढली आणि उरलेलं सोनं तोललं.

मंदार (३०१): झालं तर! तिला 'फायर ॲसे' तपासणी म्हणतात. कॅरेटमीटर फक्त वरचा थर वाचतो, झाळीवर धरला तर आकडा घसरतो, मुलामा असेल तर चढतो. त्यामुळे पत्रात कॅरेटमीटरचं नावही नको. आणि हॉलमार्क तयार दागिन्यावर असतो, झाळीसकट.

शिंदे काका (१०१): परत सांगतो, पाटल्या त्यांच्या हातात देऊ नका.

देशपांडे काकू (१०४): सगळी रक्कम परत मिळेल का रे मंदार?

मंदार (३०१): काकू, बीआयएस नियम २०१८ मधला ४९ वा नियम भरपाई ठरवून देतो: शुद्धतेच्या तुटीची जी रक्कम होईल तिच्या दुप्पट, अधिक तपासणी शुल्क. बिलातला भाव ९,००० म्हणजे १५ ग्रॅमचे १,३५,०००. ९१६ मध्ये ३६ कमी, म्हणून तूट ५,३०६. दुप्पट १०,६११.

जोशी (सेक्रेटरी): मंदारसाहेब सराफाचे हिशेब चोख करतात, मेंटेनन्सचे मात्र थकवतात.

मंदार (३०१): लिफ्टचं बिल दाखवा, आजच भरतो.

देशपांडे काकू (१०४): अरे, ते मीटिंगमध्ये. मजुरीचं सांगा.

मंदार (३०१): तिथे जपून. मजुरी किती टक्के घ्यावी याला कायद्याची मर्यादा नाही. 'जास्त लावली' म्हटलं तर ते 'आमचा दर आहे' म्हणतील. लेखी काही आहे का?

स्मिता (२०३): कच्ची चिठ्ठी आहे, सेल्समनने १२ टक्के लिहून सही केलीय. बिलात १५ लागले. गडबडीत मी 'चला चला' केलं.

नीलेश (४०२): मुहूर्त टळत होता ना!

मंदार (३०१): मग फरक ३ टक्के. दोन्हींचे २,७०,००० वर ८,१००, त्यावर ३ टक्के जीएसटी २४३. एकूण ८,३४३. चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा, थर्मल कागद असेल तर अक्षरं उडतात.

शिंदे काका (१०१): चिठ्ठी सुद्धा त्यांच्या हातात देऊ नका. आणि पाटल्याही.

नीलेश (४०२): काका, पाटल्या तुमच्याच लॉकरमध्ये ठेवू.

स्मिता (२०३): नवीन मसुदा:

"आपल्या बिलातील दोन पाटल्यांपैकी एकीची (एचयूआयडी सोबत) शुद्धता मान्यताप्राप्त केंद्राच्या फायर ॲसे अहवालात ९१६ ऐवजी ८८० आढळली. नियम ४९ नुसार रु. १०,६११ व तपासणी शुल्क (पावती जोडली आहे) द्यावे. वेगळा मुद्दा: आपल्या सहीच्या चिठ्ठीत मजुरी १२ टक्के असून बिलात १५ टक्के आहे. जीएसटीसह फरक रु. ८,३४३ परत करावा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास बीआयएसकडे आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करीन."

मंदार (३०१): आता बरोबर. फक्त झेरॉक्स जोडा, मूळ कागद नाहीत. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का नाही दिला तर स्पीड पोस्ट करा.

देशपांडे काकू (१०४): 'आपला विश्वासू' ऐवजी 'आपली ग्राहक' लिही गं. विश्वास राहिलाय कुठे.

स्मिता (२०३): प्रिंट कुणाकडे निघेल?

जोशी (सेक्रेटरी): ऑफिसात या, पण कागद घेऊन या. मागच्या महिन्यात ४०२ ने रिम संपवली.

नीलेश (४०२): ती मुलाच्या प्रोजेक्टची होती, आणि पैसे दिलेत!